मुळांतला फरक पूर्णांक असला की लॉग येतोच का? (फ्रोबेनियस पद्धत)

ओंकार_७

बेसेलचं समीकरण घेऊन बसलोय:

`x²y'' + xy' + (x² − ν²)y = 0`

x = 0 हा रेग्युलर सिंग्युलर पॉइंट. `y = Σ aₙ xⁿ⁺ʳ` घातलं की इंडिशियल समीकरण येतं `r² − ν² = 0`, म्हणजे r = ±ν. इथवर काही अडचण नाही.

ν = 1/2 घेतलं तर मुळांतला फरक १, ν = 1 घेतलं तर फरक २. दोन्ही पूर्णांक. पण पहिल्यात दोन्ही उत्तरं लॉगशिवाय मिळतात आणि दुसऱ्यात लॉग घ्यावाच लागतो. नोट्समध्ये फक्त एवढंच आहे की फरक पूर्णांक असेल तर लॉग "येऊ शकतो". कधी येतो आणि कधी नाही हे आधी कसं ओळखायचं? पूर्ण श्रेणी काढल्यावर कळणं मला नकोय.

---

नानाकाका

ओळखायची गरजच काय? सरळ `y₂ = C·y₁·ln x + Σ bₙ xⁿ⁺ʳ²` असं गृहीत धर. इथे r₂ म्हणजे लहान मूळ. लॉग नको असेल तर C आपोआप शून्य येतो. परीक्षेत हेच सुरक्षित.

तुझ्या उदाहरणांवरून नियमही दिसतोय की. फरक १ असेल तर लॉग नाही, २ किंवा जास्त असेल तर आहे.

---

शेषपद

नाना, पहिला परिच्छेद बरोबर. C शून्य येऊ देणं कायम चालतं, फक्त मेहनत जास्त. दुसरा नियम मात्र चालत नाही. ν = 3/2 घ्या: मुळं ±3/2, फरक ३, आणि लॉग येत नाही. उलट फरक १ असूनही लॉग येणारी समीकरणं आहेत.

ओंकार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर रिकरन्समध्येच आहे, एका ठराविक पायरीवर. इंडिशियल समीकरणाची डावी बाजू F(r) म्हणू. बेसेलसाठी `F(r) = r² − ν²`. r हे मूळ घेतल्यावर n व्या पायरीला मिळतं:

`F(r+n)·aₙ = −aₙ₋₂`

म्हणजे इंडिशियल समीकरण एकदा r काढून देतं आणि संपतं, असं नाही. तोच F पुढे प्रत्येक पायरीवर aₙ चा सहगुणक म्हणून उभा असतो. aₙ काढायचा तर F(r+n) ने भागायचं.

मोठ्या मुळापासून सुरुवात केली तर r+n हे पुन्हा कधीच मूळ होत नाही, कारण त्याहून मोठं मूळ नाहीच. म्हणून मोठ्या मुळाचं उत्तर बिनधास्त मिळतं. लहान मुळापासून निघालास आणि फरक N पूर्णांक असला, तर n = N ला r₂+N म्हणजेच r₁, आणि तिथे F शून्य. मी त्या पायरीला नाका म्हणतो. तिथे समीकरण असं होतं:

`0·a_N = (आधीच्या सहगुणकांपासून बनलेली काहीतरी राशी)`

उजवी बाजू शून्य निघाली तर नाका उघडा: a_N काहीही घ्या, लॉग नाही. उजवी बाजू शून्य नसेल तर a₀ ≠ 0 ठेवून पुढे जाताच येत नाही, आणि लॉग आलाच. एवढीच कसोटी. पूर्ण श्रेणी काढायची नाही, फक्त N पायऱ्या चालायच्या.

तुझ्या दोन्ही केसेस करून बघ.

ν = 1/2, r = −1/2: `F(r+n) = (n − 1/2)² − 1/4 = n(n−1)`. नाका n = 1 ला. तिथे `0·a₁ = 0`, कारण रिकरन्स दोन मागे बघतो आणि a₋₁ नावाचं काही नाही. उघडा.

ν = 1, r = −1: `F(r+n) = (n−1)² − 1 = n(n−2)`. नाका n = 2 ला. तिथे `0·a₂ = −a₀`. बंद.

---

ओंकार_७

वा, हे लख्ख कळलं. ν = 1/2 मध्ये a₁ मोकळा राहिला, तर मग तो शून्य घ्यायचा का? मी कायम शून्य घेत आलोय.

---

शेषपद

शून्य घेतलास तरी चूक नाही, पण मोकळा ठेवलास तर एकाच फेरीत दोन्ही उत्तरं मिळतात. `aₙ = −aₙ₋₂ / (n(n−1))` लाव:

a₂ = −a₀/2, a₄ = a₀/24, आणि a₃ = −a₁/6, a₅ = a₁/120.

म्हणजे `y = x^(−1/2)·(a₀ cos x + a₁ sin x)`. साइनचा भाग x^(1/2) पासून सुरू होतो, म्हणजे तो मोठ्या मुळाचाच आहे. म्हणून फरक पूर्णांक दिसला की मी नेहमी लहान मुळापासून निघतो. नाका उघडा असेल तर मोठ्या मुळाची वेगळी फेरी वाचते. बंद असेल तर फक्त N पायऱ्या वाया जातात.

---

अदिती_म

शेषपद यांच्या ν = 3/2 बद्दल थोडं, कारण तिथे नाका का उघडतो ते बघण्यासारखं आहे. r = −3/2 ला `F(r+n) = n(n−3)`. n = 1 ला `−2·a₁ = 0`, म्हणून a₁ = 0. n = 3 ला `0·a₃ = −a₁`, आणि a₁ आधीच शून्य झालाय, म्हणून उघडा.

बेसेलमध्ये रिकरन्स दोन-दोनच्या उड्या मारतो. a₀ चा परिणाम फक्त सम पायऱ्यांवर पोचतो. फरक 2ν विषम असेल तर नाका विषम पायरीवर असतो आणि a₀ तिथे कधी पोचतच नाही. फरक सम असेल तर a₀ ची साखळी थेट नाक्यावर जाऊन आदळते, आणि वाटेत कुठलाही सहगुणक शून्य होत नाही, म्हणून लॉग नक्की. त्यामुळे बेसेलपुरतं उत्तर एका ओळीत: ν पूर्णांक असेल तर लॉग, 1/2, 3/2, 5/2 असेल तर नाही. पण हे दोनच्या उडीमुळे आहे. दुसऱ्या समीकरणाला हा नियम चिकटवू नका.

---

सम_विषम

माझ्याकडे लेजांद्रचं समीकरण आहे, x = 0 भोवती. इंडिशियल मुळं ० आणि १ आली. फरक १, पण लॉग कुठेच येत नाही. मग माझा रिकरन्स चुकलाय का? मी लॉग धरून पुन्हा सोडवलं तर C = 0 आलं.

---

अदिती_म

चुकलेलं नाही. लेजांद्रसाठी x = 0 हा साधा बिंदू आहे, सिंग्युलर नाहीच. तिथे फ्रोबेनियस लावायची गरज नाही, साधी घातश्रेणी पुरते. तरी लावलीत तर इंडिशियल समीकरण कायम `r(r−1) = 0` येणार, समीकरण कुठलंही असो, आणि n = 1 चा नाका कायम उघडा. तपासून बघा: `y'' + p y' + q y = 0` ला x² ने गुणलं की p चा भाग n = 1 ला `r·p₀·a₀` एवढंच देतो, आणि r = 0 असल्यामुळे तो शून्य. C = 0 आलं ते यामुळेच.

लेजांद्रचा खरा सिंग्युलर पॉइंट x = ±1. x = 1 भोवती करायचं तर t = x − 1 घाला. `1 − x²` चं `−t(t+2)` होतं आणि सर्वांत खालच्या घाताला `−2r² = 0` उरतं. दुहेरी मूळ ०. मुळं सारखी आली की नाक्याचा विचारच नको, लॉग हमखास. इथे बरेच जण t न घालता x मध्येच `(x−1)ⁿ` ची श्रेणी लिहितात आणि `1 − x²` उलगडायला विसरतात. मग इंडिशियल समीकरणच चुकीचं येतं.

---

सम_विषम

धन्यवाद ताई. म्हणजे मुळं ० आणि १ दिसली की आधी बिंदू साधा आहे का ते बघायचं.

---

अदिती_म

हो, पण फक्त बघायचं. ० आणि १ ही मुळं सिंग्युलर पॉइंटलाही येतात. खाली कोणी हायड्रोजन काढला तर तेच दिसेल.

---

प्रणाली

ν = 1 चं पुढे काय? लॉग घ्यायचा हे कळलं, पण माझं उत्तर जुळत नाही. मला मिळालं:

`y₂ = −½ y₁ ln x + 1/x + x/4 − 5x³/64 + …`

आणि उत्तरसूचीत आहे:

`y₂ = −½ y₁ ln x + 1/x − 3x³/64 + …`

y₁ दोन्हीकडे तोच: `x − x³/8 + x⁵/192 − …`. मी r ने डेरिव्हेटिव्ह घेण्याची पद्धत वापरली. दोनदा तपासलं.

---

नानाकाका

x/4 चं पद सूचीत नाहीच, म्हणजे कुठेतरी डेरिव्हेटिव्हमध्ये गडबड आहे. (r+3) चा वर्ग नीट घेतलास का?

---

शेषपद

नाना, गडबड नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आधी सूचीवाल्याने काय केलं ते बघू.

`y₂ = C y₁ ln x + Σ bₙ xⁿ⁻¹` समीकरणात घातलं की लॉगची पदं आपापसात जातात, कारण y₁ हे स्वतः उत्तर आहे. मागे उरतं `2C x y₁'`. म्हणून n = 2 ला, म्हणजे x च्या पहिल्या घाताला:

`0·b₂ + b₀ + 2C = 0`

b₀ = 1 घेतलं की C = −1/2. लॉग नेमकं काय करतो ते इथे दिसतं: नाक्यावर जो b₀ अडला होता त्याला 2C ने खोडतो. C चा आकडा याच एका पायरीवरून येतो, बाकी कुठूनही नाही.

b₂ मात्र अजून मोकळा आहे. सूचीवाल्याने b₂ = 0 घेतला. n = 4 ला: `2x y₁' = 2x − (3/4)x³ + (5/96)x⁵ − …`, म्हणून

`8b₄ + b₂ + 3/8 = 0`

b₂ = 0 असेल तर b₄ = −3/64. प्रणालीचा b₂ = 1/4 आहे. घालून बघा: 8b₄ = −5/8, b₄ = −5/64. तिचाच आकडा.

फरक काय, तर `¼ y₁ = x/4 − x³/32 + …`. तिच्या उत्तरातून हा वजा केला की सूचीचं उत्तर. y₂ मध्ये y₁ चा कितीही भाग मिसळला तरी ते दुसरं स्वतंत्र उत्तरच राहतं. डेरिव्हेटिव्ह पद्धत b₂ ची निवड आपल्या मर्जीने करून देते, एवढंच. C आणि b₀ यांचं गुणोत्तर मात्र कुठल्याही पद्धतीने −1/2 च यायला हवं. जुळवणी करताना आधी ते बघा.

---

प्रणाली

म्हणजे चूक शोधत दोन तास गेले ती चूक नव्हतीच. 🙏 बाकीच्यांसाठी माझ्या पायऱ्या: a₀ = (r+1) घेतला, म्हणजे नाक्यावरचा शून्य भाजक आधीच खाल्ला जातो. मग

`y(x, r) = x^r [ (r+1) − x²/(r+3) + x⁴/((r+3)²(r+5)) − … ]`

याचं r ने डेरिव्हेटिव्ह, मग r = −1. x^r च्या डेरिव्हेटिव्हमधून ln x येतो. x⁴ च्या सहगुणकाचं: 1/16 गुणिले (−1 − 1/4) = −5/64.

---

अदिती_म

छान मांडलंस. एक गोष्ट लोक नेहमी विसरतात: r = −1 डेरिव्हेटिव्ह घेतल्यानंतर घालायचा. आधी घातला तर (r+1) नाहीसा होतो आणि हातात `−½ y₁` राहतं. मोठ्या मुळाचंच उत्तर पुन्हा मिळालं की समजायचं क्रम उलटा झाला.

---

कोडवाला

उत्तर जुळवण्याऐवजी उत्तर परत समीकरणात घालून बघा, सूचीची गरजच नाही. सिम्पायमध्ये:

```python
from sympy import *
x = symbols('x', positive=True)
y1 = x - x**3/8 + x**5/192
y2 = -y1*log(x)/2 + 1/x - 3*x**3/64
L = x**2*diff(y2,x,2) + x*diff(y2,x) + (x**2-1)*y2
print(expand(L))
```

उरतं `−x⁷ ln x/384 − 7x⁵/96`. श्रेणी तोडल्यामुळे काहीतरी उरणारच, शून्याची अपेक्षा ठेवू नका. बघायचं ते सर्वांत लहान घाताकडे. आपण x³ पर्यंत पदं घेतली, तर उरलेलं x⁵ पासून सुरू व्हायला हवं. C चुकला तर x चं पद उरतं, b₄ चुकला तर x³ चं. कुठला घात उरला यावरून चूक कुठल्या पायरीत आहे ते सरळ कळतं. उरलेल्या −7/96 वरून पुढचं पदही मिळतं: 24b₆ = 7/96, म्हणून b₆ = 7/2304.

---

रेडियल

हे सगळं ठीक, पण भौतिकशास्त्रात लहान मुळाचं उत्तर आपण फेकूनच देतो. शून्याशी ते अनंताला जातं. मग त्यात लॉग आहे की नाही यावर एवढी चर्चा कशाला? हायड्रोजनमध्ये मोठं मूळ घ्या, पुढे चला.

---

शेषपद

x = 0 तुमच्या प्रदेशात असेल तरच फेकता येतं. गोल पडद्याच्या मध्यभागी भोक असेल, किंवा दोन समअक्षी नळ्यांमधली जागा असेल, तर x = 0 प्रदेशाबाहेर जातो आणि दोन्ही सीमांवरच्या अटी पाळायला दोन्ही उत्तरं लागतात. तिथे लॉगचं पद चुकलं तर वारंवारताच चुकते.

आणि हायड्रोजनचं l = 0 तुम्ही म्हणता तितकं सरळ नाही. u = rR घेऊन, अंतराला x म्हणून:

`x²u'' + kx·u + Ex²·u = 0`

`F(s) = s(s−1)`, मुळं ० आणि १. s = 0 पासून निघालं की n = 1 ला `0·a₁ = −k·a₀`. कूलोंबचा k शून्य नाही, म्हणून नाका बंद आणि लॉग आला. k = 0 केला, म्हणजे मुक्त कण, की नाका उघडतो आणि साइन-कोसाइन मिळतात. नाना, फरक १ असून लॉग येणारं उदाहरण म्हणालो होतो ते हेच.

आता बघा, s = 0 चं u शून्याशी अनंताला जात नाही. ते a₀ शी स्थिर राहतं, आणि |u|² चं शून्याजवळचं इंटिग्रल व्यवस्थित सांत आहे. मग "अनंताला जातं म्हणून फेकलं" हे कारण u साठी चालत नाही.

---

रेडियल

पण R = u/r तर अनंताला जातो ना.

---

शेषपद

जातो, पण तेवढंच कारण पुरेसं नाही, कारण तो नॉर्मलाइझ होतो. खरं कारण असं की 1/r ला त्रिमितीत लाप्लासियन लावला की मूळबिंदूवर डेल्टा फंक्शन येतं, आणि श्रोडिंगर समीकरणात ते खोडायला काही नाही. म्हणजे ते उत्तर r = 0 वगळूनच उत्तर आहे.

---

रेडियल

l = 1 पासून पुढे तरी नॉर्मलायझेशनचं कारण चालतं, हे मान्य कराल. l = 0 ला मी सीमेवरची अट u(0) = 0 अशीच थेट घेईन, डेल्टाच्या वाटेला जाणार नाही.

---

शेषपद

l ≥ 1 चं मान्य. l = 0 ला अट घ्या, पण ती अट कुठून आली असं विचारलं तर डेल्टापाशीच याल. यावर वेगळा धागा काढू या, इथे ओंकारचा प्रश्न राहील.

---

ओंकार_७

राहू दे, मला वाचायला आवडतंय. 🙂 पण मूळ प्रश्नाची एक बाजू उरलीच. N मोठा असेल, समजा १०, तर नाक्यापर्यंत दहा पायऱ्या चालाव्या लागणार. त्याहून जवळची वाट आहे का? आणि सहगुणक दशांशात असतील तर "0 आहे की नाही" कसं ठरवायचं?

---

अदिती_म

सर्वसाधारण समीकरणाला जवळची वाट नाही. बेसेलसारखी सम-विषमता असेल, किंवा रिकरन्स दोनच पदांचा असेल आणि त्याचे अवयव पाडता येत असतील, तर एका नजरेत दिसतं. रिकरन्स तीन पदांचा झाला की चालावंच लागतं. अपूर्णांकात चाला, दशांशात नको.

---

कोडवाला

दशांशात तर खरंच घोटाळा होतो. ν = 0.999 घ्या. फरक 1.998, पूर्णांक नाही, म्हणून नियमाप्रमाणे लॉग नाही. r = −0.999 ला n = 2 वर `F = 2(2 − 1.998) = 0.004`, म्हणजे a₂ = −250·a₀. ν = 1.001 घेतलं तर a₂ = +250·a₀. नाका उघडा आहे, पण जेमतेम. या श्रेणीत लहान मुळाच्या पदांवर y₁ चा −250 पट भाग लादलेला असतो, आणि x जरा वाढला की दोन्ही उत्तरं जवळजवळ एकमेकांच्या पटीत दिसतात. वजाबाकी केली की अचूक अंक उडतात.

---

नानाकाका

मग अशा वेळी ν = 1 धरून लॉगवालं उत्तर वापरावं, साधं आहे.

---

कोडवाला

नाना, चूक किती चालेल यावर ते अवलंबून. बेसेलला सोय आहे: `Y_ν = (J_ν cos νπ − J_−ν) / sin νπ` हे जोडउत्तर ν → 1 ला नीट लॉगवाल्या उत्तराकडे सरकतं. म्हणून दुसरं उत्तर म्हणून J_−ν ऐवजी Y_ν घेतात. पण 0.999 ला हे सूत्र जसंच्या तसं आकड्यांत घातलं तर वर-खाली दोन्हीकडे लहान संख्या येतात आणि अंक उडायचे ते उडतातच. ν च्या पूर्णांकाजवळ श्रेणी वेगळी मांडावी लागते. बेसेल नसलेल्या समीकरणाला, जिथे असं तयार सूत्र नाही, तिथे कोणी काय करतं?

---

शेषपद

प्रणालीचीच युक्ती तिथे थोडी बदलून लावता येते. a₀ = 1 ऐवजी a₀ = F(r₂+N) घ्यायचा, म्हणजे 0.004 ने भागायची वेळच येत नाही. मग मिळालेली श्रेणी आणि y₁ ची योग्य पट यांचा फरक त्या 0.004 ने भागायचा, पण पदापदाने, सूत्र सोपं करून, आकडे घालण्याआधी. फरक नेमका पूर्णांक झाला की हाच भागाकार प्रणालीचं डेरिव्हेटिव्ह होतो. दोनपदी रिकरन्सला हे कागदावर जमतं. तीनपदीला पदं हाताबाहेर जातात.

---

अदिती_म

तीनपदीला मी श्रेणी सोडूनच देईन. शून्यापासून थोडं दूर, समजा x = 0.1 ला, दोन्ही उत्तरांची सुरुवातीची मूल्यं जास्त अंकांच्या गणिताने काढायची आणि पुढे संख्यात्मक पद्धतीने सोडवायचं. पण शून्याजवळ दोन उत्तरं वेगळी राखायची अडचण त्याने सुटत नाही, फक्त एका बिंदूवर आणून ठेवली जाते.

---

कोडवाला

जास्त अंक म्हणजे किती, हाच तर प्रश्न. a₂ ला २५० आलं म्हणजे निदान तीन अंक गेले असं धरतो, पण N = 10 ला नाक्यापर्यंतच्या पायऱ्यांतही अंक जात असतील. कोणाकडे तीनपदी रिकरन्सचं करून बघितलेलं उदाहरण असेल तर टाका.